आजारी बुवांना मंडळाचा निरोप: पार्श्वभूमी

आमच्या फोंडा महालातल्या भजनी मंडळाचे बुवा, वय 81, ऐन श्रावणात पाय घसरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले. गुरुवारच्या भजनानंतर मंडळाने त्यांना निरोप लिहायला घेतला, तेव्हा पहिल्या ओळीवरच अर्धा तास गेला. एकाने ‘कृ. सा. न. वि. वि.’ लिहिले. दुसरा म्हणाला, पत्र कसले, गाऱ्हाणेच घालू. दोघांचेही बरोबर होते, कारण आपल्याकडच्या अशा निरोपाची मुळे याच दोन ठिकाणी आहेत.

यातले गाऱ्हाणे हे निव्वळ तोंडी. गावच्या देवासमोर नारळ ठेवून एक जाणता माणूस आधी देवांना साद घालतो, मग अडचण सांगतो, मग मागणे मागतो, आणि प्रत्येक तुकड्याला जमलेले सगळे ‘होय महाराजा’ म्हणतात. मागणारा एक आणि होकार सगळ्यांचा, म्हणून तुकडा एका श्वासात मावेल एवढाच असतो. आजारपणासाठी सगळ्यांनी मिळून मागायची सवय गोव्याला जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वास्कोत साथ आली, लोकांनी जांबावलीच्या दामोदराला साकडे घातले, तिथून प्रसादाचा नारळ आणून त्याच्यासमोर भजन धरले, अशी वास्को सप्ताहाची कथा सांगतात. ते चोवीस तासांचे अखंड भजन आजही दर श्रावणात होते.

पण गाऱ्हाणे ऐकतो देव. आजारी माणूस घरी किंवा इस्पितळात असतो. त्याच्यापर्यंत पोहोचायचे ते पत्राने, आणि पत्र मराठीत. बोलणे कोकणीत, अभंग आणि कागद मराठीत, ही आपल्या देवळांची जुनी वहिवाट. सोळाव्या शतकात सासष्टी-तिसवाडीतले देव मांडवी-जुवारी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे आमच्या फोंडा महालात आले. हा मुलूख 1763 पर्यंत पोर्तुगिजांच्या हाती पक्का गेला नव्हता, त्यामुळे इथे कीर्तन-भजनाची मराठी देवळांतून चालत राहिली.

जुन्या मराठी पत्राची गंमत अशी की ते सुरूच प्रकृतीपासून होते. ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष. येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जावे.’ म्हणजे आमचे बरे आहे, तुमचे कळवा. शतकानुशतके हे वाक्य हातातून आपोआप उतरत आले. नेमके तेच आजाऱ्याला चालत नाही. ज्याला उशीवरून मान उचलवत नाही, त्याला ‘कुशल लिहीत जावे’ म्हणणे म्हणजे त्याच्यावर काम टाकणे. वर ‘येथील कुशल’ ऐकले की आपल्यावाचून सगळे नीट चालले आहे असेही त्याला वाटू शकते.

आमचा पहिला मसुदा दुसऱ्याच खड्ड्यात पडला. ‘आपल्याविना मंडळ पोरके झाले, आपण आम्हाला घडवलेत, ही पोकळी भरून येणार नाही.’ मोठ्याने वाचल्यावर सगळे गप्प झाले, कारण ती भाषा शोकसभेची होती. डोळ्यांनी वाचताना हे कळले नव्हते, कानाने लगेच पकडले. पोरके, पोकळी आणि बुवांबद्दलची भूतकाळातली क्रियापदे काढली. ‘कृ. सा. न. वि. वि.’ही गेले, कारण मोठ्याने वाचणारा तिथे अडखळतो. मायना मात्र ठेवला: तीर्थरूप सख्ख्या वडिलांना, वडिलांसारख्यांना तीर्थस्वरूप. मग उरले ते असे:

‘तीर्थस्वरूप बुवांना मंडळातील सर्वांचा साष्टांग नमस्कार. गुरुवारी देवासमोर नारळ ठेवून तुमच्या पायाला बळ मागितले. सगळ्यांनी होय महाराजा म्हटले. तुमचे टाळ तुमच्याच खुंटीला आहेत. भैरवी धाकट्यांनी म्हटली. शेवटी लय पळाली, ती तुम्ही आल्यावर आवरू. उत्तर लिहायची घाई नाही. औषध वेळेवर घ्या, डॉक्टर सांगतील तेवढेच चाला. रविवारी आमच्यातले दोघे येतील, जास्त बसणार नाहीत.’

सावकाश वाचले तरी अर्ध्या-पाऊण मिनिटात संपते. गाऱ्हाण्यातून त्यात आखूड वाक्ये आली आणि सगळ्यांचा होकार आला, पत्रातून मायना आणि नमस्कार. टाळ आणि पळालेली लय या दोन गोष्टी मात्र दुसऱ्या कुठल्याही मंडळाला लिहिता आल्या नसत्या, आणि माझ्या मते निरोपाचा सगळा जीव तिथेच आहे. ‘लवकर बरे व्हा’ आम्ही मुद्दाम घातले नाही. या वयात खुब्याचे हाड बसून माणूस नीट चालू लागायला महिने जातात, आणि बुवांना ते माहीत होते.

कागद सुनेने खाटेजवळ उभी राहून वाचला. ‘होय महाराजा’ आले तेव्हा बुवांनी पडल्या पडल्याच हात जोडून तेच म्हटले. वाचून झाल्यावर विचारले, ‘भैरवीला पखवाजावर कोण होता?’