बँकेचं व्याज आणि वाटपाची रक्कम

नागपुरात माजी विद्यार्थ्यांचे गट, निवृत्त शिक्षकांची मंडळं किंवा एखादं कुटुंब शिष्यवृत्तीसाठी कायम निधी उभारतं, तेव्हा पहिल्या बैठकीतला हिशेब बहुतेक एका ओळीत आटोपतो. वीस लाख ठेवले, सात टक्के व्याज आलं, म्हणजे वर्षाला १,४०,००० रुपये, म्हणजे दहा हजारांप्रमाणे चौदा मुलं. या ओळीत व्याज आणि वाटपाची रक्कम एकच धरली आहे. मुद्दलाला हात लावायचा नाही एवढंच ठरलं असलं, तरी आलेलं सगळं व्याज वाटता येत नाही.

हेच आकडे पुढे नेऊ. समजा ही नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहे आणि तिला आयकराची सवलत आहे. कायम निधीसाठी म्हणून लेखी सांगून दिलेली देणगी मुद्दलात जाते. तिच्यावरचं व्याज मात्र संस्थेचं साधं उत्पन्न, आणि अशा उत्पन्नातला किमान ८५ टक्के भाग त्याच वर्षी उद्देशासाठी खर्च व्हावा लागतो. उरलेले १५ टक्के, इथे २१,००० रुपये, मागे ठेवता येतात. ते मुद्दलात मिळवावेत असं माझं मत आहे, कारण फी दरवर्षी वाढते आणि वीस लाख वीसच राहिले तर दहा वर्षांनी तीच शिष्यवृत्ती वह्या-पुस्तकांपुरती उरेल.

हाती राहिले १,१९,०००. त्यातून निवडीचा खर्च जातो: अर्ज छापणं, शाळांना पत्रं, उत्पन्नाचे दाखले तपासणं, काटोल-उमरेडकडच्या मुलांच्या घरी दोघांनी जाऊन येणं, मुलाखतीच्या दिवशीचा चहा-नाश्ता. याला १३,००० धरा. लेखापरीक्षकाची फी, बँकेचे चार्जेस आणि टपाल यांना ६,०००. मुलांसाठी उरतात एक लाख, म्हणजे चौदा नव्हे, दहा मुलं. घरभेटीवर कात्री लावायचा मोह होतो. ती लावू नये, कारण कागदावरचं उत्पन्न आणि घरातली परिस्थिती यांतला फरक तिथेच कळतो.

ठरावात 'प्रशासकीय खर्च दहा टक्क्यांच्या आत' असं लिहितात, पण दहा टक्के कशाचे ते लिहीत नाहीत. मुद्दलाचे धरले तर दोन लाख होतात, म्हणजे सगळ्या व्याजाहूनही जास्त! व्याजाचे धरले तर १४,००० आणि वरचे १९,००० त्यात बसत नाहीत. लहान निधीत खर्चाचं प्रमाण जास्तच दिसतं. टक्क्याऐवजी रुपयांत मर्यादा घातलेली बरी.

आता पैसे हातात कधी येतात ते पाहू. वर्षाचं व्याज ५०,००० च्या वर असल्याने बँक १० टक्के टीडीएस कापते. विवरणपत्र भरल्यावर ते १४,००० परत मिळतात, पण पुढच्या वर्षी. म्हणजे खात्यात येतात १,२६,०००. त्यातून एक लाख वाटप आणि १९,००० खर्च गेल्यावर उरतात ७,०००. मागे ठेवलेल्या २१,००० पैकी १४,००० आयकर खात्याकडे अडकलेले असतात, त्यामुळे परतावा येईपर्यंत ते मुद्दलात टाकता येत नाहीत.

मुदत ठेव तिमाही व्याज देणारी घ्यावी. मुदत संपल्यावर एकदम व्याज देणाऱ्या ठेवीत टीडीएस दरवर्षी कापला जातो, वाटायला मात्र हातात काही येत नाही. ठेव डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काढली, तर व्याज मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या सुरुवातीला येतं, दर वेळी ३१,५०० रुपये. विदर्भातल्या शाळा जूनअखेर उघडतात आणि तेव्हाच मुलांना पैसे हवे असतात, पण तोवर एप्रिलपासूनच्या आर्थिक वर्षातला पहिलाच हप्ता आलेला असतो आणि निवडीचा खर्च समोर उभा असतो. सप्टेंबरच्या हप्त्यानंतर ६३,००० मधून निवडीचे १३,००० वजा जाऊन बरोबर ५०,००० राहतात. तेव्हा प्रत्येकी पाच हजार द्यायचे आणि उरलेले पाच हजार मार्चच्या मध्यावर. ३१ मार्चला व्याज येणारी ठेव असेल तर शेवटचं वाटप त्याच दिवशी उरकावं लागतं, आणि नुसतं मंजूर केलेलं चालत नाही, पैसे मुलांच्या खात्यात गेलेले असावे लागतात.

सगळ्यात जास्त गाडी अडते ती नूतनीकरणाला. दर सव्वासहा टक्के झाला की व्याज १,२५,००० वर येतं. त्यातले १५ टक्के आणि १९,००० बाजूला काढले की ८७,२५० उरतात. खर्च तेवढाच राहतो, घट सगळी मुलांच्या वाट्याला येते. दहाही मुलांना तीन वर्षांचा शब्द दिला असेल तर १२,७५० कमी पडतात. मुद्दलाला हात लावायचा नाही, म्हणून त्या वर्षी १५ टक्क्यांतूनच ते भरून काढावे लागतात आणि नवा अर्ज एकही घेता येत नाही. म्हणून पहिल्या वर्षी चारच मुलं घ्यावीत, दुसऱ्या वर्षी तीन, तिसऱ्या वर्षी तीन. सुरुवातीची दोन वर्षं वाटप ८५ टक्क्यांपेक्षा कमी होईल. ती बाकी कशी दाखवायची, हे मार्च उजाडण्याआधी सीएला विचारून ठेवावं.