युनिफॉर्मचं बुकिंग आत्ताच का करायचं, आणि एप्रिलमध्ये जूनचं माप कसं घ्यायचं

नमस्कार पालकहो,

परीक्षा संपत आल्यात, सुट्टीचे बेत चालू असतील आणि युनिफॉर्मचं कुणाच्या डोक्यातही नसेल, पण आमच्याकडं नव्या वर्षाची तयारी याच दिवसांत सुरू होते म्हणून हे पत्र आत्ता पाठवतोय. 20 एप्रिलपर्यंत बुकिंग केलं तर शर्ट, पँट, स्कर्ट आणि पिनोवर 15 टक्के सूट आहे, त्यानंतर 15 मेपर्यंत 8 टक्के, आणि पुढे रेग्युलर रेट. सॉक्स, टाय, बेल्टवर सूट नाही कारण ते आम्ही तयारच आणतो. हाऊसच्या रंगाचा पीटीचा टी-शर्ट तर आत्ता घेऊच नका, पोराला कुठलं हाऊस मिळतंय ते शाळा सुरू झाल्यावरच कळतं.

सूट कशी परवडते असं बरेच जण विचारतात. एप्रिलमध्ये किती सेट लागणार हे कळलं की कापडाचे ताके एकदम एकाच लॉटमधले उचलता येतात आणि रेट बरा मिळतो. शिलाईचंही तसंच, आत्ता कारागिरांना काम कमी असतं, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तेच काम रात्री बसून जादा मजुरी देऊन करून घ्यावं लागतं. तो वाचलेला पैसा म्हणजे ही सूट, रेट आधी वाढवून मग कमी केलेला नाही, गेल्या वर्षीची पावती असेल तर ताडून बघा.

लॉटवरून एक सांगायचं राहिलं. एकाच रंगाच्या कापडात सुद्धा लॉट बदलला की शेड थोडी इकडंतिकडं होते आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ती कळत नाही, उन्हात नेलं की लगेच दिसते. एक पँट आत्ता आणि दुसरी ऑगस्टमध्ये घेतली तर दोन ग्रे वेगळे दिसू शकतात. म्हणून दोन्ही सेट एकाच वेळी बुक केलेले बरे.

आता खरा प्रश्न मापाचा, कारण पोरं दोन महिन्यांत वाढतात. सगळ्यात सोपं म्हणजे आत्ता नीट बसणारा शाळेचा शर्ट बटणं लावून टेबलावर सपाट पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेप लावा आणि येईल त्याची दुप्पट करा. 15 इंच आले तर आत्ताचा शर्ट 30 चा, मग वर्षभरासाठी 32 घ्या. एकच नंबर वर, दोन नाही. बरेच जण दोन वर्षं चालेल म्हणून दोन नंबर मोठा मागतात आणि मग खांद्याची शिवण दंडावर येते, ती सरळ करायची तर बाही उसवावी लागते आणि त्याचा खर्च वाचलेल्या पैशाइतकाच होतो. शिवण खांद्याच्या हाडाच्या एक इंचाहून जास्त खाली आली की समजा शर्ट मोठा आहे. पँटच्या लांबीची काळजी नको, प्रत्येक पायात आम्ही खाली 2 इंच दाब ठेवतो, तो उसवून सोडता येतो, आणि कमरेलाही मागच्या शिवणीत थोडं कापड असतं.

हे सगळं 10-11 वर्षांपर्यंतच्या मुलांना बरोबर लागू पडतं. त्यापुढे वाढीचा भरवसा नाही, काही मुलं एका सुट्टीतच एवढी उंच होतात की दाब सोडूनही पुरत नाही. अशांचं आत्ता बुकिंग फक्त कापडाचं करा, माप जूनच्या पहिल्या आठवड्यात येऊन द्या, शिवून त्यानंतर देऊ आणि रेट बुकिंगच्या तारखेचाच लागेल.

हिशोब असा बघा. पाचवीत जाणारा मुलगा, पहिल्यांदाच फुल पँट, दोन सेट. शर्ट 390 चे दोन म्हणजे 780, पँट 560 च्या दोन म्हणजे 1120, एकूण 1900. 20 एप्रिलच्या आत 285 कमी होऊन 1615 पडतात, त्यातले 500 ॲडव्हान्स आणि 1115 कपडे नेताना. त्यानंतर 15 मेपर्यंत बुक केलं तर तेच 1748 ला.

कपडे 1 जूनपासून मिळतील. घरी नेऊन एकदा घालून बघा, पण टॅग काढू नका आणि धुऊ नका, 30 जूनपर्यंत साइज बदलून देऊ, बिल मात्र सोबत आणा. शाळा बदलली किंवा गाव सोडायचं ठरलं तर शिवायला टाकायच्या आधी कळवा, ॲडव्हान्स पूर्ण परत मिळेल, शिवून झाल्यावर मात्र नाही देता येणार.

आणि आमच्याकडूनच घ्या असं कुणावरही बंधन नाही, शाळेच्या रंगाचं आणि पॅटर्नचं कुठूनही चालतं. सोबतच्या स्लिपवर इयत्ता, शर्टाचं माप आणि सेट किती ते लिहून दुकानात द्या, सकाळी 10 ते रात्री 8 घरातलं कुणी ना कुणी असतंच, रविवारी दुपारपर्यंत. टेप जमत नसेल तर पोराचा जुना शर्ट घेऊन या, माप आम्ही घेतो.