नळीतली नळी: मधल्या फटीतल्या प्रवाहाचं सूत्र आणि ‘समतुल्य व्यासा’चा घोळ

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या शेडमध्ये डबल पाइपचा ऑइल कूलर बनतो, तेव्हा आतल्या नळीतून पाणी जातं आणि दोन नळ्यांच्या मधल्या वलयाकार फटीतून तेल. पंप किती दाबाचा लागेल हे ठरवायला फटीतला प्रेशर ड्रॉप काढावा लागतो. दोन्ही नळ्या स्थिर, अक्ष एकच, प्रवाह स्तरीय म्हणजे थर एकमेकांत न मिसळता वाहणारा: एवढ्या अटींवर याचं नेमकं गणिती उत्तर दीडशे वर्षांहून जुनं आहे. तरी हिशेबाच्या वह्यांत ते क्वचितच दिसतं. त्याच्या जागी ‘समतुल्य व्यास’ नावाचा आकडा असतो, म्हणजे फटीऐवजी कल्पिलेल्या गोल नळीचा व्यास, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

जुना भाग थोडक्यात. श्यानतेसह द्रवाच्या गतीचं समीकरण 1822 मध्ये फ्रान्समध्ये मांडलं गेलं आणि 1845 मध्ये इंग्लंडमध्ये ते नीट उभं राहिलं. दरम्यान एक जर्मन जलअभियंता आणि रक्तवाहिन्यांतल्या प्रवाहात रस असलेला एक फ्रेंच वैद्य, दोघांनी 1839 ते 1846 या काळात बारीक नळ्यांवर स्वतंत्रपणे प्रयोग केले. प्रवाह व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो हे त्यांनी दाखवलं. भिंतीला लागलेला थर हलत नाही, ही अट घालून हाच नियम समीकरणातून निघतो हे 1860 च्या सुमारास स्पष्ट झालं. वलयाकार फटीचं उत्तर ही त्याच्याच पुढची पायरी. समीकरण तेच, फक्त ‘मध्यावर वेग मर्यादित असला पाहिजे’ ही अट जाते आणि ‘आतल्या भिंतीवरही वेग शून्य’ ही अट येते. या एका बदलाने उत्तरात लॉगॅरिदम शिरतो.

आतल्या नळीची बाहेरची त्रिज्या `a`, बाहेरच्या नळीची आतली त्रिज्या `b`, लांबी `L`, दाबातला फरक `dP`, श्यानता `mu` धरली तर वेग आणि एकूण प्रवाह असे:

```
u(r) = dP/(4*mu*L) * [ b^2 - r^2 - (b^2 - a^2)*ln(b/r)/ln(b/a) ]
Q = pi*dP/(8*mu*L) * [ b^4 - a^4 - (b^2 - a^2)^2/ln(b/a) ]
```

या लॉगॅरिदमचा एक परिणाम पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरा वाटत नाही. नळीच्या बरोबर मध्यातून एक तार ओढली आणि तिची त्रिज्या नळीच्या शंभराव्या भागाएवढी ठेवली, तर ती छेदाच्या क्षेत्रफळाचा दहा हजारावा भाग अडवते. पण त्याच दाबाला प्रवाह तब्बल 22 टक्क्यांनी घटतो. कारण तार बसते तीच जागा सर्वात वेगवान होती आणि तिथे तिने वेग शून्यावर आणला. तार आणखी दहापट बारीक केली तरी 14 टक्के घट उरतेच. म्हणून ‘आतली नळी बारीकच आहे, रिकाम्या नळीचं सूत्र चालेल’ हा अंदाज इथे फसतो.

आता त्या घोळाकडे. छेद भागिले ओला परीघ, म्हणजे द्रवाला लागणाऱ्या भिंतीची छेदातली लांबी, ही कल्पना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहे, पॅरिसला पाणी आणणाऱ्या कालव्याच्या आखणीच्या काळातली. कालव्याचा प्रवाह खवळलेला असतो. त्यात वेगाचा उतार भिंतीजवळच्या पातळ थरात एकवटतो आणि बाकीच्या छेदाचा आकार फारसा मोजला जात नाही. त्यामुळे वेगवेगळ्या आकारांच्या छेदांना एकाच मापाने तोलणं तिथे रास्तच होतं. पुढे चार पट क्षेत्रफळ भागिले ओला परीघ असा हायड्रॉलिक व्यास रूढ झाला. वलयाकार फटीसाठी तो सरळ दोन व्यासांतला फरक येतो. खवळलेल्या प्रवाहात हा आकडा आजही चांगलं काम देतो.

स्तरीय प्रवाहाला मात्र ही सवलत लागू नाही. इथे श्यानतेचा ओढा छेदभर पसरलेला असतो, त्यामुळे छेदाचा आकार पूर्ण मोजला जातो. रेनॉल्ड्स अंक म्हणजे द्रवाच्या जडत्वाचं श्यानतेशी गुणोत्तर; तो लहान असला की प्रवाह स्तरीय. गोल नळीत घर्षणांक 64 भागिले रेनॉल्ड्स अंक येतो, अरुंद फटीत तो 96 भागिले रेनॉल्ड्स अंक होतो. हायड्रॉलिक व्यास घालून 64 तसाच ठेवला तर प्रेशर ड्रॉप खऱ्याच्या दोन तृतीयांश निघतो. गणित शिकणारे 64 पाठ करतात आणि हायड्रॉलिक व्यास ‘सगळ्या आकारांना चालतो’ असं शिकतात. दोन्ही वाक्यं आपापल्या जागी बरोबर आहेत, एकत्र केली की चुकतात.

त्यावर 1950 च्या सुमारास दुसरा थर चढला. त्या साली आलेल्या उष्णता विनिमयाच्या एका अमेरिकी पाठ्यपुस्तकात फटीसाठी दोन समतुल्य व्यास दिले होते, आणि त्यामागचा विचार योग्य होता. उष्णता फक्त आतल्या नळीच्या पृष्ठभागातून जाते, म्हणून उष्णतेच्या हिशेबात फक्त तेवढाच परीघ धरायचा. घर्षण दोन्ही भिंतींवर होतं, म्हणून प्रेशर ड्रॉपला दोन्ही परीघ धरायचे. आकडे दोन आणि नाव मात्र एकच राहिलं. कॉलेजच्या वहीतून शेडमधल्या एक्सेल शीटपर्यंत येता येता कोणता व्यास कशासाठी हे पुसलं गेलं. माझ्या मते ही चूक पुस्तकाची नाही, नावाची आहे. ‘उष्णतेचा व्यास’ आणि ‘घर्षणाचा व्यास’ अशी वेगळी नावं ठेवली असती तर निम्मा गोंधळ झालाच नसता.

हा घोळ किती मोठा, ते एका उदाहरणात दिसेल. बाहेरच्या नळीचा आतला व्यास 40 मिमी, आतल्या नळीचा बाहेरचा व्यास 20 मिमी, लांबी 2 मीटर. 68 नंबरचं हायड्रॉलिक ऑइल 40 अंश सेल्सिअसला, मिनिटाला 10 लिटर. तेलाची घनता घनमीटरला 870 किलो धरली तर श्यानता सुमारे 0.059 पास्कल-सेकंद. छेद 942 चौरस मिमी, सरासरी वेग सेकंदाला 0.177 मीटर. रेनॉल्ड्स अंक 52 च्या आसपास येतो, म्हणजे प्रवाह स्तरीय आहे यात शंका नाही.

नेमक्या सूत्राने प्रेशर ड्रॉप 2,484 पास्कल निघतो. 20 मिमीचा हायड्रॉलिक व्यास आणि 64 घेतला तर 1,669. उष्णतेच्या परिघाने येणारा 60 मिमीचा व्यास चुकून इथे घातला तर जेमतेम 185, म्हणजे खऱ्याच्या तेराव्या भागाहूनही कमी. वर रेनॉल्ड्स अंकही तिप्पट दाखवला जातो. तेल बरंच पातळ असेल तर तेवढ्यावरूनच कुणी प्रवाह खवळलेला ठरवून मोकळा होईल.

फटीला सरळ उलगडून दोन सपाट पाट्यांमधली फट मानली तर काय होतं, हेही पाहण्यासारखं आहे. सरासरी व्यास 30 मिमी, फट 10 मिमी:

```
Q = pi*Dm*h^3*dP / (12*mu*L)
```

याने 2,504 पास्कल येतात. आतली नळी बाहेरच्या निम्मी असूनही फरक एक टक्क्याच्या आत. म्हणजे ज्याला लॉगॅरिदम नको आहे त्याने समतुल्य व्यासाकडे न जाता हे सूत्र घ्यावं. फट याहून अरुंद असेल तर फरक आणखी कमी होतो.

खूप अरुंद फटीत तर नेमकं सूत्रच धोक्याचं ठरतं. वरच्या उदाहरणातच त्रिज्या सेंटिमीटरमध्ये घातल्या तर कंसात 15 मधून 12.98 वजा होतात आणि हातात फक्त 2.02 उरतात. `ln(2)` साठी 0.693 ऐवजी 0.7 लिहिलं तर उत्तर सहा टक्क्यांनी बिघडतं. डिझेल इंजिनच्या इंजेक्शन पंपातला प्लंजर घ्या: व्यास 10 मिमी, फट 2 मायक्रॉन. तिथे दोन जवळजवळ सारख्या संख्या वजा होतात आणि दहा अंकी कॅल्क्युलेटरवर उरलेल्या आकड्याला अर्थ राहत नाही, कधी तो ऋणही येतो. अशा जागी पाट्यांचं सूत्रच वापरायचं. त्यातला फटीचा घनही लक्षात ठेवायचा: झीज होऊन 2 चे 3 मायक्रॉन झाले की गळती जवळजवळ 3.4 पट.

वेगाच्या आलेखाकडे आलो तर सर्वाधिक वेग फटीच्या बरोबर मध्यावर नसतो. आपल्या उदाहरणात फटीचा मध्य 15 मिमी त्रिज्येवर आहे, पण सर्वाधिक वेग 14.71 वर, आतल्या नळीकडे सरकलेला. तिथे तो सेकंदाला 0.267 मीटर, म्हणजे सरासरीच्या दीडपट. आतल्या भिंतीपासून 2 मिमी अंतरावर वेग 0.184, तर बाहेरच्या भिंतीपासून तेवढ्याच अंतरावर 0.160. म्हणून घर्षणाचा ताण आतल्या नळीवर जास्त पडतो: आत 7.2 पास्कल, बाहेर 5.7. हिशेब तपासायचा असेल तर दोन्ही ताण आपापल्या पृष्ठभागाने गुणून बेरीज करा. ती 2.34 न्यूटन येते, आणि दाबातला फरक गुणिले छेदही तेवढाच येतो. ही बेरीज जुळली नाही तर चूक लॉगॅरिदमच्या चिन्हात शोधावी, बहुतेक वेळा तिथेच असते.

सूत्रामागची ‘अक्ष एकच’ ही अट गेल्या शतकात जास्त तपासली गेली. अक्ष सरकलेल्या नळ्यांचं उत्तर 1933 मध्ये प्रसिद्ध झालं आणि तेल-विहिरींच्या ड्रिलिंगमुळे पुढच्या दशकांत त्यावर बरंच काम झालं. अरुंद फटीसाठी निष्कर्ष सोपा आहे. अक्ष जितका सरकला ते अंतर भागिले फट म्हणजे `e` धरलं तर त्याच दाबाला प्रवाह `1 + 1.5*e^2` पट होतो. आतली नळी एका बाजूला टेकली की अडीचपट. तेल रुंद बाजूने वाहून जातं, अरुंद बाजूचं जवळपास थांबतं. कूलरमध्ये याचा अर्थ असा की तिथली नळी गार पाण्याची असूनही तेल नीट थंड होत नाही.

टेस्ट बेंचवर प्रेशर ड्रॉप हिशेबाहून कमी दिसला तर संशयित दोनच: तेल तापलं किंवा नळी सरकली. 68 नंबरच्या तेलाची श्यानता 40 वरून 60 अंशाला निम्म्याहून खाली जाते, म्हणून आधी आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या तेलाचं तापमान घ्यावं आणि मधल्या तापमानाची श्यानता घालून हिशेब पुन्हा करावा. प्रवाह दुप्पट करून दाबही दुप्पट होतो का हे पाहून निदान होत नाही, कारण सरकलेल्या नळीतही तो दुप्पटच होतो. त्या चाचणीने फक्त प्रवाह स्तरीय असल्याची खात्री पटते. तापमान दुरुस्त करूनही आकडा कमीच राहिला तर टोकाची फ्लँज उघडून वर, खाली आणि दोन्ही बाजूंना फट मोजावी. टोकांना फट सारखी असेल तरी मध्ये नळी वजनाने खाली झुकलेली असू शकते. लांब कूलरमध्ये आतल्या नळीवर मध्यभागी तीन छोट्या पिन 120 अंशांवर वेल्ड करतात त्या यासाठीच, आणि त्या पिनांची उंची फटीपेक्षा एक मिलिमीटरने कमी ठेवली तर 10 मिमीच्या फटीत नळी दोन पिनांच्या मधल्या दिशेने सरकली तरी `e` 0.19 पर्यंतच जाऊ शकतो, म्हणजे प्रवाहातला फरक पाच टक्क्यांच्या आसपास.