छताखालच्या तापलेल्या पोकळीतून जाणारी थंड हवा

मध्यवर्ती वातानुकूलन असलेल्या इमारतीत यंत्रापासून सर्वांत लांब असलेली खोली पुरेशी थंड होत नसेल, तर बहुतेकांचे निदान ठरलेले असते: यंत्र लहान पडते, मोठे बसवा. प्रत्यक्षात यंत्रातून निघणारी हवा पुष्कळदा हवी तेवढी थंड असते आणि ती वाटेत गरम होते. ही वाट, म्हणजे पत्र्याची डक्ट, जर छत आणि खालची सीलिंग यांमधल्या वातानुकूलित नसलेल्या पोकळीतून जात असेल, तर उन्हाळ्यातील दुपारी तिच्याभोवतीची हवा सहज ५० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेली असते. मोठे यंत्र बसवले तरी ही पोकळी काही थंड होत नाही.

एक उदाहरण तपशिलात पाहू. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची गोल डक्ट घेऊ. तिचा व्यास २५० मिलिमीटर, पोकळीतील लांबी १५ मीटर आणि तिच्यातून दर सेकंदाला ०.२ घनमीटर हवा वाहते, म्हणजे हवेचा वेग सेकंदाला सुमारे ४ मीटर आहे. यंत्रातून हवा १३ अंशांवर निघते, पोकळी ५० अंशांवर आहे आणि खोलीत २४ अंश हवे आहेत. डक्टवर कोणतेही उष्णतारोधक वेष्टण नाही असे आधी समजू.

पोकळीतील उष्णता डक्टमधल्या हवेपर्यंत पोहोचताना तिला पत्रा जवळजवळ अडवतच नाही. पत्र्याचा विरोध हिशेबात धरण्याइतकाही नसतो. जो काही विरोध होतो तो पत्र्याला आतून आणि बाहेरून चिकटून असलेल्या, जवळजवळ स्थिर हवेच्या पातळ थरांचा. हे दोन्ही थर मिळून इतके दुबळे असतात की तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे प्रत्येक चौरस मीटरमधून सुमारे ५ वॅट उष्णता आत शिरते. आपल्या डक्टचे पृष्ठफळ सुमारे ११.८ चौरस मीटर आहे, म्हणून एकूण शिरकाव अंशामागे ५९ वॅट होतो. दुसरीकडे, वाहत्या हवेचे तापमान एका अंशाने वाढवण्यासाठी सुमारे २४० वॅट लागतात. सगळा खेळ या दोन आकड्यांच्या गुणोत्तराचा आहे, आणि या लेखात मला मुख्यतः त्याच्याबद्दलच सांगायचे आहे.

हवा जसजशी गरम होते तसतसा तिचा आणि पोकळीचा तापमानफरक कमी होतो, त्यामुळे पुढच्या मीटरमध्ये ती मागच्या मीटरपेक्षा किंचित कमी गरम होते. ज्या राशीचा घटण्याचा वेग त्या राशीच्याच प्रमाणात असतो, ती घातांकी नियमाने घटते. किरणोत्सर्गी पदार्थाच्या क्षयाचे गणितही हेच आहे. डक्टच्या दुसऱ्या टोकाचे तापमान म्हणून असे मिळते:

```
T2 = Ta - (Ta - T1) * e^(-U*A / (m*c))
```

येथे `T1` हे हवेचे सुरुवातीचे तापमान, `Ta` हे पोकळीचे, `U*A` म्हणजे आपले ५९ वॅट आणि `m*c` म्हणजे २४० वॅट. गुणोत्तर ०.२४५ च्या आसपास येते, घातांकी पदाची किंमत ०.७८ होते आणि सुरुवातीच्या ३७ अंशांच्या फरकापैकी २९ अंश उरतात. म्हणजे १३ अंशांवर निघालेली हवा खोलीत २१ अंशांवर पोहोचते. हवेतील ओलाव्याचा भाग बाजूला ठेवला, तर ही हवा २४ अंशांच्या खोलीला ११ अंशांचा थंडावा देणार होती आणि देते फक्त ३ अंशांचा.

आता पंख्याचा वेग कमी करून हवेचा प्रवाह ४० टक्क्यांवर आणू. वेग बदलणारी यंत्रे हे स्वतःहून करतात, आणि काही खोल्यांचे डॅम्पर, म्हणजे डक्टमधली हवा कमीजास्त करणाऱ्या झडपा, अर्धवट मिटले की त्या शाखांमध्येही हेच घडते. उन्हातली तीच वाट रेंगाळत चालणाऱ्याला ऊन अधिक लागते, तसेच येथे होते: हवा डक्टमध्ये अडीचपट वेळ राहते. आतला हवेचा थर मंद प्रवाहामुळे थोडा जाड होतो आणि उष्णतेचा शिरकाव अंशामागे सुमारे ४४ वॅटपर्यंत उतरतो. पण हवेची उष्णता वाहून नेण्याची क्षमता अंशामागे ९६ वॅटवर येते, म्हणजे कितीतरी अधिक घटते. गुणोत्तर ०.४६ होते आणि हवा साडेसव्वीस अंशांवर खोलीत पोहोचते. म्हणजे वातानुकूलन यंत्र चालू असताना ही डक्ट खोली गरम करते.

याच गुणोत्तरावरून शाखांचे दुखणेही कळते. हवेचा वेग तोच ठेवून डक्टचा व्यास निम्मा केला, तर हवा चौथ्या हिश्श्यावर येते, पण पृष्ठफळ फक्त निम्मे होते. साहजिकच दर मीटरमागे तापमानवाढ दुप्पट होते. म्हणून मुख्य डक्टवर जाड वेष्टण आणि शेवटच्या बारीक शाखांवर पातळ, ही सर्रास दिसणारी पद्धत मला उलटी वाटते.

वेष्टण किती जाड असावे, हा पुढचा प्रश्न. ग्लासवूल म्हणजे काचतंतूंची लोकर. तिची उष्णतावाहकता मीटर-अंशामागे ०.०४ वॅट धरून पूर्ण प्रवाहाला हिशेब केला, तर २५ मिलिमीटर जाडीला हवा १५.४ अंशांवर पोहोचते, ५० ला १४.५ वर आणि १०० ला १३.९ वर. आत शिरणारी उष्णता अनुक्रमे ५७०, ३५० आणि २२० वॅट असते. उघड्या डक्टला ती १,९३० वॅट होती. पहिल्या २५ मिलिमीटरने जवळपास १,३६० वॅट वाचतात, पुढच्या २५ ने २२० आणि त्यापुढच्या ५० ने अवघे १३०. हे आकडे पाहून २५ मिलिमीटर पुरेसे आहेत असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि निवड पुष्कळदा येथेच थांबते.

ती थांबू नये, कारण हा हिशेब पूर्ण प्रवाहाचा आहे. प्रवाह ४० टक्के असताना २५ मिलिमीटरच्या वेष्टणातून हवा सुमारे १८ अंशांवर पोहोचते आणि यंत्राने दिलेल्या थंडाव्यापैकी जेमतेम निम्मा खोलीच्या वाट्याला येतो. गंमत अशी की या वेळी आत शिरणारी उष्णता पूर्ण प्रवाहाच्या वेळेपेक्षा कमीच असते, सुमारे ५०० वॅट. केवळ वॅट मोजणाऱ्याला परिस्थिती सुधारलेली दिसेल, तर खोलीत बसलेल्याला बिघडलेली. ५० मिलिमीटरला तीच हवा १६.४ अंशांवर पोहोचते. म्हणून जाडी ठरवताना किमान प्रवाह आणि पोकळीचे कमाल तापमान एकत्र धरावे.

जाडी ठरवणारे दुसरे कारण दुपारी नव्हे, तर दमट रात्री समोर येते. पोकळीतील हवा ३० अंश आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू २७.२ अंश असतो. वेष्टणाचा बाहेरचा पृष्ठभाग यापेक्षा थंड झाला की त्यावर पाणी जमते आणि ते सीलिंगवर टपकते. वेष्टणावर चकचकीत ॲल्युमिनियम फॉइल असते. तापलेल्या छपराच्या पत्र्याकडून येणारे उष्णतेचे प्रारण ती परतवते, म्हणून दुपारी ती फार उपयोगी पडते. पण रात्री हाच गुण आडवा येतो. आजूबाजूकडून प्रारणाने मिळणारी ऊब फॉइल नाकारते आणि तिचा पृष्ठभाग अधिक थंड राहतो. आपल्या डक्टवर २५ मिलिमीटर ग्लासवूल आणि मंद रंगाचे आवरण असेल, तर पृष्ठभाग २७.६ अंशांवर, म्हणजे काठावर वाचतो. तेच आवरण चकचकीत असेल तर तो २५.८ अंशांवर येतो आणि डक्टला घाम फुटतो. फॉइल ठेवून जाडी ५० मिलिमीटर केली की पृष्ठभाग पुन्हा दवबिंदूच्या किंचित वर जातो. दमट हवेत जाडीचा निकाल वीजबचतीच्या हिशेबाआधी दवबिंदूच लावतो.

ग्लासवूलच्या आत पाणी शिरले तर नुकसान अधिक होते. बाहेरच्या दमट हवेतील बाष्पाचा दाब थंड पत्र्याजवळील दाबापेक्षा जास्त असल्याने बाष्प सतत आत घुसू पाहते. फॉइलचे सांधे टेपने सलग बंद नसतील, तर ते पत्र्यावर जाऊन द्रवरूप होते आणि भिजलेला ग्लासवूल उष्णता अडवेनासा होतो. बंद पेशींचा नायट्राइल रबर येथे अधिक सहनशील ठरतो, कारण बाष्पाला तो स्वतःच बराच अडवतो. मात्र त्याचेही सांधे चिकटद्रव्याने पूर्ण बंद करावे लागतात.

या टप्प्यावर 'उष्णतारोधक रंगा'ची जाहिरात हमखास भेटते: अर्ध्या मिलिमीटरचा एक हात द्या आणि जाड वेष्टण विसरा. २५ मिलिमीटर ग्लासवूलची बरोबरी करायची तर या रंगाची उष्णतावाहकता ०.०००८ असावी लागेल. स्थिर हवेची स्वतःची वाहकता ०.०२६ आहे, म्हणजे हा रंग हवेपेक्षा तीसपटींहून चांगला रोधक ठरायला हवा. छपरावर पांढरा रंग देऊन ऊन परतवणे हा वेगळा आणि खराखुरा उपाय आहे, पण त्याचे श्रेय डक्टवरच्या लेपाला देता येत नाही.

जाडी कागदावर बरोबर असूनही काम बसवताना फसते. चौकोनी डक्टच्या कोपऱ्यांवर वेष्टण ताणले जाते, आधाराच्या पट्ट्यांखाली ते दबते, आणि ५० मिलिमीटरचा थर २५ वर दाबला की त्याचा विरोधही जवळपास निम्मा होतो. आधाराच्या जागी म्हणून कडक ठोकळा किंवा रुंद पत्रा घालतात. वेष्टणाआधी पत्र्याचे सांधे मॅस्टिक या घट्ट लेपाने बंद करणे तर अनिवार्यच आहे, कारण सांध्यातून गळालेली थंड हवा कोणत्याही वेष्टणाने परत येत नाही. कापडी टेपवर येथे विसंबू नये. लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या चाचण्यांत डक्टच्या सांध्यांवर नेमकी तीच लवकर निकामी झाली होती.

दोष कोठे आहे हे पाहण्यासाठी यंत्र वीसेक मिनिटे स्थिर चालू द्यावे आणि यंत्राच्या तोंडाशी व लांबच्या ग्रिलशी हवेचे तापमान एकाच वेळी मोजावे. फरक हिशेबापेक्षा बराच जास्त असेल तर वेष्टणात खंड आहे किंवा प्रवाह कमी आहे. फरक ठीक पण ग्रिलमधील हवाच कमी असेल, तर गळती किंवा अडथळा शोधावा. वेष्टणाचा पृष्ठभाग तपासायला अनेक जण अवरक्त तापमापक रोखतात. चकचकीत फॉइलवर तो फसतो, कारण त्याला फॉइलचे नव्हे, तर तिच्यात परावर्तित होणाऱ्या तापलेल्या छपराचे तापमान दिसते. फॉइलवर काळ्या विद्युतरोधक टेपचा तुकडा चिकटवावा, काही मिनिटे थांबावे आणि मग त्या तुकड्यावर नेम धरावा.