दिवा वर घेतला, तरी मीटर तसाच पळतो

पिल्लांच्या ब्रूडरमध्ये उष्णता जास्त झाली की दिवा थोडा वर घ्यायचा, हे कुक्कुटपालन करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पिल्लं दिव्यापासून लांब पळून चोच उघडून धापा टाकू लागली की गरम होतंय, दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करू लागली की थंडी वाजतेय. पण दिवा वर घेतल्याने विजेचं बिल कमी होत नाही. २५० वॅटचा दिवा कितीही उंचीवर टांगा, तासाला पाव युनिट खाणारच. फक्त तीच उष्णता मोठ्या जागेवर पसरते.

शंभर पिल्लांसाठी असे दोन दिवे धरू. एक उडाला तर दुसऱ्याने निदान वेळ निभावते, म्हणून दोन. ते तीन आठवडे अखंड चालू ठेवले तर रोज १२, म्हणजे एकूण २५२ युनिट जळतात. पण पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश सेल्सिअस लागतं, आणि पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी चालतं. हवामान उबदार असेल तर दुसऱ्या आठवड्यात दिवसा बारा तास एकच दिवा आणि तिसऱ्यात फक्त रात्री एक दिवा पुरू शकतो. मग हिशेब ८४, ६३ आणि २१ युनिट, मिळून १६८ होतो. एक तृतीयांश वीज वाचली. थर्मामीटर मात्र पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर हवा. भिंतीवर टांगलेला इथे कामाचा नाही, कारण हा दिवा हवेपेक्षा समोरच्या वस्तूला जास्त तापवतो.

ती समोरची वस्तू म्हणजे पिल्लांखाली अंथरलेलं तूस किंवा लाकडाचा भुसा. आगीची मेख इथेच आहे. दिवा निसटून भुशात पडला, तर एमसीबी पडेल असं अनेकांना वाटतं. ती पडत नाही. भुशात पडलेला दिवाही २३० व्होल्टवर सुमारे १.१ अँपिअरच घेतो, टांगलेला असताना घेत होता तेवढाच. एमसीबी पाहते विजेचा प्रवाह, आणि प्रवाहात काही बिघाडच नाही! भुसा मात्र आतल्या आत धुमसू लागतो.

म्हणून दिवा वायरवर किंवा चिमट्यावर टांगू नये. साखळी लावावी, आणि तिच्याशिवाय दुसरी साखळी वेगळ्या हुकाला, म्हणजे पहिला हुक निखळला तरी दिवा जमिनीला पोचणार नाही. दुसऱ्या साखळीची लांबी दिवा भुशाला टेकणार नाही एवढीच ठेवायची, हे बरेच जण विसरतात. काचेपासून भुशापर्यंत किमान ४५ सेंटिमीटर अंतर, दिव्यापुढे तारेची जाळी, आणि होल्डर चिनी मातीचा. प्लॅस्टिकचा होल्डर उष्णतेने मऊ होतो आणि दिवा त्यातून सुटतो. होल्डर किंवा प्लग तपकिरी पडला, जळका वास आला, तर जोड ढिला आहे असं समजून तो त्याच दिवशी बदलावा. दिव्यावर साचलेली धूळ पुसायची ती तो बंद करून, पूर्ण थंड झाल्यावर, कोरड्या फडक्याने. पाण्याचं भांडंही त्याच्या थेट खाली नको. तापलेल्या काचेवर पाणी उडालं तर ती तडकते.