समारोपात पुढचं पाऊल कसं टाकावं
(साहित्यविषयक निबंध आमच्याकडे तपासायला देणाऱ्यांसाठी माहितीपत्रक)

तुमचे निबंध तपासताना आमचं पेन सगळ्यात जास्त चालतं ते शेवटच्या परिच्छेदावर. मधली मांडणी बरेचदा चांगली असते, ओळी नेमक्या निवडलेल्या असतात. मग 'अशा प्रकारे' येतं आणि प्रास्ताविकच शब्द बदलून परत भेटतं. समासातल्या दोन शब्दांत हे नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

बालकवींची 'औदुंबर' घेऊ. आठच ओळींची कविता, अनेकांना पाठ असलेली. समजा, तुमच्या प्रास्ताविकात असं विधान आहे: 'ही कविता वरवर निसर्गवर्णन वाटते, पण तिच्यातले रंग वाचकाला प्रसन्नतेकडून उदासीकडे नेतात.' मधल्या परिच्छेदांत तुम्ही ते दाखवलंत. दोन्ही तटांवरची हिरवाळी, निळासावळा झरा, शेतमळ्यांची हिरवी गर्दी, त्यातून आडवीतिडवी निघालेली पांढरी पायवाट, आणि ती जाते काळ्या डोहाकडे. इथवर काम चोख झालं.

आता समारोपात 'अशा प्रकारे कवीने रंगांतून प्रसन्नतेकडून उदासीकडे जाणारा प्रवास प्रभावीपणे रेखाटला आहे' असं लिहिलंत, तर वाचकाच्या हाती काहीच नवं पडत नाही. हे त्याने आत्ताच तुमच्याबरोबर पाहिलेलं असतं.

त्याऐवजी प्रास्ताविकाचं पान बाजूला ठेवा आणि फक्त मधले परिच्छेद वाचा. वाचताना एकच गोष्ट शोधा: तुम्हीच उद्धृत केलेल्या ओळींत तुमच्या विधानात न बसणारा शब्द कोणता? इथे तो शब्द आहे 'गोड'. डोहावर पसरणाऱ्या काळिम्याला कवी 'गोड काळिमा' म्हणतो. काळोख गोड असेल, तर त्याला नुसती उदासी म्हणून भागत नाही. तो शब्द हाती लागला की क्रियापदांकडेही लक्ष जातं. झरा वाहतो, पायवाट चालते, झाड बसतं. चार घरांचं गाव आहे, पण माणूस कुठेच नाही. एवढ्या सामग्रीवर समारोप असा होऊ शकतो:

'रंग हिरव्याकडून काळ्याकडे जातात खरे, पण त्या काळिम्याला कवी गोड म्हणतो. पायवाट चालत डोहाकडे येते आणि तिथे औदुंबर, दमलेल्या वाटसरूसारखा, पाण्यात पाय टाकून बसलेला असतो. हा शेवट खचण्याचा नसून थांबण्याचा वाटतो. घरं असलेल्या गावात कुणी विसावलेलं दिसत नाही, विसावा दिसतो तो डोहापाशी. त्यामुळे या कवितेतला काळा रंग वाट अडवत नाही, तो चालणं संपवतो.'

इथे मूळ विधान खोडलेलं नाही, ते बारीक झालं आहे. आता प्रास्ताविकाकडे परत जा आणि 'उदासीकडे' हा शब्द 'काळोखाकडे' असा करा, म्हणजे पुढे तो काळोख कसला हे सांगायला जागा राहील. प्रास्ताविकाची शेवटची दुरुस्ती समारोपानंतर करावी, असं आम्ही आग्रहाने सांगतो. शिवाय 'गोड' आणि 'बसला' या शब्दांवर मध्ये कुठे चर्चा नसेल, तर तिथे दोन-तीन वाक्यं घाला. ज्याचा पुरावा आधी आलाच नाही असा मुद्दा समारोपात उपरा वाटतो.

उपऱ्या मुद्द्याचं नेहमी दिसणारं रूप म्हणजे कवीचं चरित्र. बालकवी १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात गेले. पुष्कळ निबंध तिथेच संपतात: काळा डोह म्हणजे जणू मृत्यूची चाहूल. वाचून मन हलतं, हे आम्हीही नाकारत नाही. पण कविता त्या अपघाताच्या आधीची आहे आणि तुमचा निबंध रंगांविषयी होता. त्यामुळे विधान पुढे जात नाही, भलत्याच रस्त्याला लागतं. 'मराठी कवितेतलं अजरामर लेणं' अशा वाक्यांचंही तेच. ती कुठल्याही कवितेला चिकटवता येतात.

समारोप जमला की नाही हे घरीच तपासता येतं. तो प्रास्ताविकाच्या जागी ठेवून वाचा. तिथेही तो बिनबोभाट चालला, तर समजा तो अजून लिहून झालेला नाही. वरचा समारोप तसा सुरुवातीला ठेवून पाहा: रंगांची चर्चा आधी झाल्याशिवाय 'जातात खरे' हे शब्द अधांतरी राहतात. लांबी म्हणाल, तर हजार शब्दांच्या निबंधाला शंभर-सव्वाशे शब्द पुरतात.

पुढच्या वेळी निबंध देताना समारोप वेगळ्या कागदावर लिहून आणा. मधल्या परिच्छेदांतल्या ज्या शब्दावर तो उभा आहे, त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा. आम्ही तपासणी त्या रेघेपासून सुरू करतो.