टॉर्क की हॉर्सपॉवर? आधी आरपीएम बघा

"टॉर्क म्हणजे पिकअप, हॉर्सपॉवर म्हणजे टॉप स्पीड." शोरूमपासून टपरीपर्यंत ऐकू येणारं हे वाक्य अर्धवट आहे आणि लोक त्यावर गाडी ठरवतात, याचा मला राग येतो.

टॉर्क म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, न्यूटन-मीटरमध्ये मोजलेला. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. गोंधळ पुढे होतो. हॉर्सपॉवर ही टॉर्कपेक्षा निराळी ताकद नाही. तोच टॉर्क गुणिले आरपीएम, म्हणजे इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे, भागिले साधारण ७१००, की झाली हॉर्सपॉवर.

रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० आणि यामाहा आर१५ घ्या. क्लासिकचा टॉर्क २७, तोही ४००० आरपीएमला. आर१५ चा जेमतेम १४, तो ७५०० ला. पण कमाल हॉर्सपॉवर क्लासिकची सुमारे २० आणि आर१५ ची सुमारे १८. टॉर्क निम्मा असून पॉवर जवळपास तेवढीच, कारण आर१५ ती १०,००० आरपीएमपर्यंत फिरून मिळवते. शिवाय चाकापर्यंत पोचताना गिअर टॉर्क वाढवतात, पॉवर वाढवू शकत नाहीत. म्हणून इंजिन ताणून पळवलं तर पन्नासेक किलोने हलकी असलेली आर१५ क्लासिकला पिकअपमध्येही मागे टाकते. वरचं वाक्य इथेच कोसळतं.

मग २७ चा उपयोग काय? दोन्ही इंजिनं ४००० वर आणा. क्लासिककडे तिथे १५ हॉर्सपॉवर हजर असते. आर१५ कडे त्याच आरपीएमला हिशोबाने ८ पेक्षा जास्त असूच शकत नाही. सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत आपण इंजिन याच टप्प्यात चालवतो. तिथे क्लासिक तिसऱ्यातच निघते, आर१५ ला दुसरा मागावा लागतो आणि क्लचवरचा हात दुखतो. रोजच्या शहरी वापरासाठी मी कमी आरपीएमचा टॉर्कच निवडेन.

हायवेवर हिशोब बदलतो. हवेला कापायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे ८० वरून १०० वर जाताना जवळपास दुप्पट. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर शंभरने जाताना ट्रक ओलांडायचा तर शिल्लक पॉवर किती, हाच प्रश्न उरतो. क्लासिकवर ताठ बसलेला माणूस जास्त हवा अडवतो, त्यामुळे तिच्याकडे शिल्लक कमी पडते. वाकून बसवणारी आर१५ तिथे अजून खेचते. क्लासिक ८० च्या आसपास मात्र दिवसभर निवांत चालते.

टेस्ट राइडला पहिल्या गिअरमध्ये झटका देऊन बघण्यात काही अर्थ नाही, त्यात सगळ्याच गाड्या छान वाटतात. तिसऱ्या गिअरमध्ये ३० च्या वेगाला थ्रॉटल सावकाश उघडा. इंजिन धडधडलं, खेचायला नकार दिला, तर शहरात गिअर सतत पाडावे लागणार. मग मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ८० वरून तसंच करून बघा.